गोव्याला जाताना १८१५, येताना १९७०: वंदे भारतच्या तिकिटातलं जेवण नको म्हणता येतं का?

स्वाती_ठाणे

मंडळी, नोव्हेंबरात मडगावला जायचं घाटतंय. मी, नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. परवा जुन्या फायली आवरताना २०२३ च्या ऑगस्टची आमची तिकिटं सापडली. मुंबई-मडगाव वंदे भारत, साधी चेअर कार. जाताना माणशी १८१५ आणि येताना १९७०. गाडी तीच, अंतर तेच, डबा तोच, मग हे १५५ रुपये कसले? तेव्हा नवऱ्याने पैसे भरले होते, मी तिकिटाकडे बघितलंही नव्हतं.

त्या तिकिटात जेवण धरलेलं होतं एवढं आठवतं, कारण खाणं सतत येत होतं. जाताना चहा, नाश्ता आणि उतरायच्या आधी जेवण. येताना बसल्या बसल्या जेवण, मग संध्याकाळचं काहीतरी, मग पुन्हा जेवण. सासूबाई बाहेरचं शिजवलेलं खात नाहीत, त्यांचे ट्रे आम्हीच संपवले होते.

तर दोन प्रश्न. एक, हे १५५ कशाचे? दोन, फक्त सासूबाईंचं जेवण वगळून तिकीट काढता येतं का, की चौघांचंही घ्यायलाच लागतं?

निवांत_प्रवासी

सोपं आहे. गाडी भरत जाते तसं भाडं वाढतं, विमानासारखं. तुमचं परतीचं तिकीट उशिरा काढलेलं असणार किंवा रविवारचं असणार. जेवणाचा काही संबंध नाही.

स्वाती_ठाणे

दोन्ही तिकिटं एकाच दिवशी, पाच मिनिटांच्या अंतराने काढली होती. आणि परत गुरुवारी आलो.

कोकणचा_गडी

गोव्यातून परत यायला कुणाचं मन होत नाही, म्हणून जास्त पैसे घेतात. दिवे घ्या.

अनघा_पणशीकर

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आम्हालाही जायचंय.

गार्डाची_शिट्टी

मी सत्तावीस वर्षं आरक्षणाच्या खिडकीमागे काढली, आता निवृत्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

निवांत, तुम्ही म्हणता ती भाववाढ आहे, पण ती राजधानी, शताब्दी, दुरांतोला. सप्टेंबर २०१६ पासून. दर दहा टक्के जागा गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी चढतं, एका मर्यादेपर्यंत. वंदे भारतला ती लागू नाही. आणि जिथे लागू आहे तिथेही ती फक्त मूळ भाड्यावर चढते. जेवणाचे पैसे पहिल्या प्रवाशाला जेवढे, तेवढेच शेवटच्याला.

आता स्वातीताईंचे १५५. वंदे भारत पहिल्यांदा सुरू झाली फेब्रुवारी २०१९ मध्ये, दिल्ली-वाराणसी. तेव्हा चेअर कारला जाताना जेवणाचे ३४४ होते आणि येताना २८८. सकाळी निघणाऱ्या गाडीत नाश्ता १२२ आणि जेवण २२२, बेरीज ३४४. परतीला नाश्त्याच्या जागी संध्याकाळचं खाणं, ६६ रुपये. ते अधिक २२२ म्हणजे २८८. म्हणजे "जेवणाचे पैसे" असा एक ठोक आकडा नसतो. तुमच्या चढण्या-उतरण्याच्या दरम्यान ज्या ज्या वेळा येतात त्यांची ती बेरीज असते. त्याच गाडीने दिल्लीहून कानपूरला उतरणाऱ्याकडून फक्त १२२ घेत.

हेच दर गोव्याला लावून बघा. तुम्ही पावसाळ्यात गेलात. पावसाळी वेळापत्रकात ही गाडी दहा तास घेते, म्हणून तुम्हाला तीन तीन वेळा खायला मिळालं. जाताना सकाळचा चहा (त्याचे पंधरा धरतो), नाश्ता १२२, जेवण २२२. एकूण ३५९. येताना जेवण २२२, संध्याकाळचे ६६, रात्रीचं जेवण २२२. एकूण ५१०.

१८१५ मधून ३५९ काढा, राहिले १४५६.
१९७० मधून ५१० काढा, राहिले १४६०.

चार रुपयांचा फरक उरतो, कारण एकूण रक्कम वरच्या पाचच्या पटीत नेतात. प्रवासाचं भाडं दोन्हीकडे एकच आहे. तुम्ही १५५ जास्त दिलेत ते चहा-नाश्त्याच्या जागी संध्याकाळचं खाणं आणि रात्रीचं जेवण आलं म्हणून.

पंधरा रुपये चहा हा माझा अंदाज आहे, पण त्याशिवाय हिशेब जुळत नाही.

अनघा_पणशीकर

काका, साष्टांग नमस्कार. माझा मुलगा दहावीला आहे, त्याला पाठवू का तुमच्याकडे?

निवांत_प्रवासी

बरं, मान्य. पण मग काका, तुम्ही जेवणाचे म्हणता त्या पैशात चादर, उशी, पांघरूण पण असतं ना? माझ्या मेव्हण्याने राजधानीला "नको" म्हटलं तर त्याला चादर मिळणार नाही असं एजंट म्हणाला होता.

करोलबागेतला_मराठी

अहो, चादरीचा आणि जेवणाचा काडीचा संबंध नाही. मी दर दोन महिन्यांनी मुंबई सेंट्रल-नवी दिल्ली राजधानी करतो आणि कायम जेवण नाकारतो. चादर, उशी, पांघरूण न मागता येतं. राजधानीत ते मूळ भाड्यातच असतं.

आकडा सांगतो म्हणजे कळेल. २०१९ च्या नोव्हेंबरात राजधानी-शताब्दीचे जेवणाचे दर बदलले. सेकंड आणि थर्ड एसीला सकाळचा चहा २०, नाश्ता १०५, जेवण १८५, संध्याकाळचा चहा-खाणं ९०. माझी गाडी संध्याकाळी पाचला सुटते आणि सकाळी साडेआठला दिल्ली. म्हणजे चारही वेळा लागतात, बरोबर ४००. मी आईच्या हातची पोळी-भाजी नेतो आणि वाचलेल्या चारशेत दिल्लीत उतरल्यावर छोले-भटुरे खाऊनही रिक्षापुरते उरतात.

सुगरण_मी

पण त्या पोळी-भाजीचे पैसे कुणी धरले? आईच्या हातची म्हणून फुकट का?

करोलबागेतला_मराठी

सुगरणताई, निरुत्तर.

कोकणचा_गडी

माझा नियम साधा. कणकवलीला उतरणारा माणूस येताना घावणे आणतो, जाताना चपात्या-भाजी नेतो. ट्रेमधली ती वाटीभर डाळ बघून माझी आजी म्हणाली होती, "ह्या काय, चव बघूक दिलानी?"

विनायक_सो

गंभीर प्रश्न. मी सोलापूरचा. मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पेपरात जेवणासह १३०० आणि जेवणाशिवाय १००० असे दोन आकडे आले होते. त्याच दिवशी सुरू झालेल्या शिर्डीच्या गाडीला ९७५ आणि ८४०. सोलापूरकरांकडून तीनशे आणि साईबाबांच्या भक्तांकडून एकशे पस्तीस? आम्ही काय जास्त खातो?

गार्डाची_शिट्टी

विनायकराव, सोलापूरची गाडी मुंबईहून दुपारी चारला निघते आणि रात्री पावणेअकराला पोचते. संध्याकाळचं खाणं आणि रात्रीचं जेवण. शिर्डीची सकाळी सहा-वीसला निघून पावणेबाराच्या आधी पोचते, जेवायच्या आत. चहा-नाश्त्यावर भागतं. १२२ अधिक १५ म्हणजे १३७, छापलेल्या १३५ च्या अगदी जवळ. उलट सोलापूरहून सकाळची गाडी पकडलीत तर तुम्हीही नाश्त्याचेच गिऱ्हाईक.

विनायक_सो

म्हणजे मुंबईहून घरी येताना महाग आणि घरून मुंबईला जाताना स्वस्त. सासुरवाडीला जाऊन येणाऱ्यासारखंच.

स्वाती_ठाणे

शिट्टीकाका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकं छान मिळेल असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला "मला माहीत होतं". (नव्हतं.)

आता दुसरा. नको कसं म्हणायचं? काल अॅपवर बघितलं. नाव-वय भरतो तिथे जेवणाची यादी येते, त्यात शाकाहारी, मांसाहारी, जैन, मधुमेहींचं असं सगळं होतं. "नको" कुठे दिसलं नाही.

डबा_नंबर_सी७

माझ्याकडे त्याच यादीत शेवटी "No Food" येतं. दर माणसाला वेगळं निवडता येतं. सासूबाईंपुरतं ते निवडा, बाकीच्यांचं शाकाहारी.

करोलबागेतला_मराठी

सी७, मलाही पूर्वी तिथेच दिसायचं, नंतर एकदा गायब झालं. मी वैतागून मागे फिरणार होतो. मग खाली सरकलो तर बाकीच्या पसंतींच्या भागात वेगळी चौकट होती, "I don't want Food/Beverages". तिथे खूण केली की जेवण निघतं. स्वातीताई, वरच्या यादीत नाही दिसलं तर पान अगदी खालपर्यंत बघा.

आणि एक. सुरुवातीला गाड्यांच्या यादीत जे भाडं दिसतं ते जेवणासकटचं असतं. "नको" निवडल्यावरही तिथला आकडा हलत नाही, म्हणून काही लोकांना वाटतं की पैसे कापलेच. पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर फोड उघडा. तिथे "Catering Charge" ची ओळ कमी झाली किंवा गेली, तर झालं काम. ती तशीच असेल तर मागे या. पैसे भरल्यावर मग काही नाही.

अनघा_पणशीकर

काही नाही म्हणजे? नंतर बदलता येत नाही?

गार्डाची_शिट्टी

नाही. तिकीट काढतानाच काय ते ठरवायचं. नंतर "आता नको" म्हणून पैसे परत नाहीत.

खिडकीवर तिकीट काढणाऱ्यांनी जास्त सांभाळायचं. फॉर्मवर जेवणाची जागा असते. ती रिकामी ठेवली की माझ्यासारखा माणूस विचारायचा, पण मागे रांग मारुतीच्या शेपटीएवढी असली की नाही विचारायचा, शाकाहारी टाकून मोकळा व्हायचा. खोटं कशाला बोलू. "जेवण नको" असं फॉर्मवर लिहा आणि तोंडानेही सांगा. तिकीट हातात आलं की खिडकी सोडायच्या आधी रक्कम बघा.

एजंटचं तर विचारूच नका. तो स्वतःहून विचारत नाही.

दीपाली_जोशी_८८

एजंटवरून आठवलं. आमच्या ऑफिसच्या सहलीचं तिकीट एका एजंटने काढलं, बावीस जण. त्याने सगळ्यांचं मांसाहारी टाकलं. बावीसातले सतरा शाकाहारी. आमचा एक सहकारी म्हणाला, "आज मी फक्त भात खाईन, पण तुमचे सतरा तुकडे मला द्या."

निवांत_प्रवासी

पण काका, ऐनवेळी भूक लागली तर? डब्यात मागितलं तर देतातच की. मग आधी नको म्हणावं आणि वाटलं तर घ्यावं, हेच शहाणपणाचं.

मीनल_पुणे

निवांत, मी अगदी हेच केलं आणि पस्तावले. पुण्याहून सोलापूर, संध्याकाळी सात-दहाला गाडीत बसले, जेवण नको म्हटलेलं, कारण घरून खाऊन निघणार होते. नाही झालं. कुर्डुवाडीच्या आसपास शेजारच्याचा ट्रे उघडला आणि माझा निश्चय गळाला. वाढणाऱ्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, "थांबा, सगळ्यांचे वाटून उरलं तर देतो." उरलं नाही. शेजारच्या काकूंनी स्वतःहून मला एक पोळी दिली. त्या काकूंचं भलं होवो.

गार्डाची_शिट्टी

मीनल, उरलं असतं तरी जास्त पडलं असतं. २०२२ चं प्रकरण आठवतंय का कुणाला, वीस रुपयांच्या चहाचे सत्तर? भोपाळ शताब्दीत एकाने तिकिटात जेवण घेतलं नव्हतं आणि गाडीत चहा मागितला. चहाचे २० आणि वर सेवाशुल्क ५०. त्याने पावतीचा फोटो टाकला आणि देशभर बोंब झाली. गंमत अशी की ते शुल्क नियमाला धरूनच होतं.

मग जुलै २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने चहा-कॉफीवरचं ते शुल्क काढलं. आधी घेतलं असो वा नसो, चहा वीसलाच. पण नाश्ता, जेवण आणि संध्याकाळच्या खाण्यावर पन्नास तसेच ठेवले. म्हणजे शताब्दीच्या चेअर कारला आधी घेतलेलं जेवण १८५ ला आणि गाडीत मागितलेलं २३५ ला. नाश्ता १०५ चा १५५. निवांत, तुमचं शहाणपण एका वेळेला पन्नास रुपयांचं आहे, आणि मिळेल याची हमी नाही. ते आधीच्या मागणीच्या हिशेबाने ट्रे चढवतात, वर थोडे जास्तीचे.

निवांत_प्रवासी

आज माझा दिवस नाही.

पंख्याखालची_जागा

मला मूळ मुद्दाच पटत नाही. जेवण आधी धरून नंतर "नको असेल तर शोधा" असं का? उलट असावं. मूळ तिकीट जेवणाशिवाय आणि हवं त्याने मागावं. आता होतं काय की सगळ्यात वयस्कर, अॅप न येणारे लोक नको असताना पैसे भरतात. माझे वडील दोन वर्षं गोड पदार्थाचा डबा न उघडता घरी आणत होते, मधुमेह आहे म्हणून. मी "No Food" दाखवल्यावर म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी तुझ्या मुलांसाठी श्रीखंड विकत आणत होतो?"

सुगरण_मी

वडिलांचं वाक्य लाखातलं. पण दुसरी बाजूही बघा. मी एका ठेकेदाराकडे स्वयंपाकघर बघायचे (कुठला ते विचारू नका). आकडा आदल्या रात्री मिळाला तरच पोळ्या किती लाटायच्या, पनीर किती आणायचं ते ठरतं. सगळं हवं तेव्हा मागा असं केलं तर एक तर वाया जाईल नाहीतर मीनलसारखे उपाशी राहतील. नाकारणारे वाढले की तेवढ्याच माणसांच्या पगारात कमी ट्रे जातात आणि मग वाटीतली डाळ आणखी पातळ होते. आजीला चव बघायला तरी मिळाली.

पंख्याखालची_जागा

मी आधी मागवू नका म्हणतच नाहीये. आधीच मागवा, पण "हो" म्हणून मागवा. गप्प बसलेल्याचं "हो" धरू नका, एवढंच. तुमच्या स्वयंपाकघराला आकडा तोच मिळेल ना?

सुगरण_मी

आकडा मिळेल. लहान मिळेल.

डेक्कनचा_पासधारक

या सगळ्यावर उपाय १९३० मध्येच निघाला होता. डेक्कन क्वीन. डायनिंग कार, टेबल, खुर्ची, खाल त्याचे पैसे द्या. ऑम्लेट, टोस्ट, कटलेट. तिकिटात काही धरत नाहीत आणि कुणी तक्रार करत नाही.

मीनल_पुणे

कटलेटचा विषय काढू नका, धागा तिकडेच जाईल.

विनायक_सो

आता गेलाच. पूर्वीचं कटलेट मोठं होतं की मी लहान होतो?

डेक्कनचा_पासधारक

दोन्ही.

दीपाली_जोशी_८८

कटलेटवरून परत. पाण्याचं काय? जेवण नको म्हटलं तर पाण्याची बाटली पण नाही का?

डबा_नंबर_सी७

मला प्रत्येक वेळी मिळाली आहे, जेवण न घेता. आता वंदे भारतमध्ये अर्ध्या लिटरची देतात. एप्रिल २०२४ पासून मोठी बंद केली, लोक अर्धी टाकून उतरायचे म्हणून. आणखी हवी असेल तर मागितली की दुसरी अर्ध्या लिटरची देतात, पैसे न घेता. पैसे मागितले तर देऊ नका.

करोलबागेतला_मराठी

राजधानीतही माझा तोच अनुभव. पण एकदा वाटणारा म्हणाला, "साहेब, तुमचं नो फूड आहे", आणि पुढे गेला. तिकीट तपासनिसांना सांगितल्यावर आणून दिली. त्यांच्या हातातल्या यादीवर जागेपुढे जेवणाची खूण असते, ती बघून ते आपोआप पुढे जातात. उलटही होतं. यादीवर खूण चुकली तर पैसे भरलेल्यालाही ट्रे येत नाही. तेव्हा तिकीट मोबाइलवर तयार ठेवा.

अनघा_पणशीकर

तसं झालं तर काय करायचं? म्हणजे पैसे भरलेत आणि ट्रे आलाच नाही?

पंख्याखालची_जागा

माझ्या बहिणीचं झालं होतं, गाडीचं नाव नको. आधी वाढणाऱ्यांना, मग त्यांच्या मॅनेजरला, मग १३९ ला फोन. त्यावर पुढच्या स्टेशनच्या आधी ट्रे आला. थंड होता, पण आला. तिला पैसे परत हवे होते, ते काही मिळाले नाहीत. गाडीतून उतरायच्या आधी तक्रार करा, घरी जाऊन लिहिलं तर कोण विचारतं.

गार्डाची_शिट्टी

आणि गाडीत काहीही विकत घेतलंत तर पावती मागा. बिल नाही तर पैसे नाहीत, असं रेल्वेनेच लिहून लावलंय. तो चहाचा फोटो पावती होती म्हणूनच गाजला.

दीपाली_जोशी_८८

अजून एक. राजधानी-शताब्दी दोन तासांहून जास्त उशिरा धावली तर फुकट खायला देतात ना? मग "नको" म्हटलेल्यालाही देतात का?

करोलबागेतला_मराठी

धुक्यात एकदा सहा तास अडकलो होतो. डब्यात सगळ्यांना खिचडी वाटली, मलाही. कुणी यादी बघितली नाही.

डबा_नंबर_सी७

मला नाही मिळाली. म्हणाले, "तुमचं नाव नाही." वेगळी गाडी, वेगळा वाटप करणारा.

निवांत_प्रवासी

म्हणजे नियम काय आहे?

डबा_नंबर_सी७

नियम जो कुणी त्या दिवशी डब्यात असेल तो.

गार्डाची_शिट्टी

उशिराच्या गाडीत माझ्या मते सगळ्यांनाच द्यायला हवं, कारण तो उशिराचा भुर्दंड आहे, तिकिटातलं जेवण नाही. पण सी७ ला मिळालं नाही हेही खरंच असणार. यावर मी छातीठोक बोलणार नाही.

स्वाती_ठाणे

झालं, तिकिटं काढली! मंडळींचे आभार मानायला आणि हिशेब सांगायला आले.

करोलबागवाल्यांनी सांगितलं तसंच होतं. जेवणाच्या यादीत "नको" नाहीच. खाली बराच वेळ सरकल्यावर ती "I don't want Food/Beverages" ची चौकट सापडली. पण माझ्या अॅपमध्ये ती खूण सगळ्या तिकिटालाच लागू झाली, एकट्या सासूबाईंना लावता येईना. शेवटी सासूबाईंचं तिकीट वेगळं काढलं आणि नशिबाने जागा शेजारची मिळाली. सी७, तुमच्याकडे दर माणसाला वेगळं येत असेल तर तुमचं अॅप भाग्यवान.

आणि शिट्टीकाका, हे तुमच्यासाठी. सासूबाईंच्या दोन्ही तिकिटांचं भाडं जाताना आणि येताना अगदी सारखं आलं. एका रुपयाचा फरक नाही. आमच्या तिघांचं मात्र येतानाचं जास्त. मी ते नवऱ्याला दाखवलं, तो पुन्हा म्हणाला "मला माहीत होतं".

गार्डाची_शिट्टी

बरं वाटलं. जुने आकडे मात्र आता ताडून बघू नका. जुलै २०२५ पासून एसीचं भाडं किलोमीटरमागे दोन पैशांनी वाढलंय. आणि नोव्हेंबरात पावसाळी वेळापत्रक संपलेलं असतं. मडगावला सव्वाएकच्या आत पोचाल, परतीची गाडी पावणेतीनच्या सुमारास निघते. प्रवास दोन तासांनी लहान, तेव्हा तीन तीन वेळचं खाणं बसणार नाही. तिकिटावरची फोडच खरी.

स्वाती_ठाणे

हो, जेवणाची ओळ या वेळी लहान होती, तेव्हा कळलं नव्हतं का ते. आता कळलं.

कोकणचा_गडी

सासूबाईंच्या डब्यात काय असणार ते सांगा, मी कणकवलीला स्टेशनवर येतो.

स्वाती_ठाणे

दही-पोहे, मेतकूट आणि तुपाची वाटी. गाडी तिथे दोन मिनिटं थांबते, चमचा घेऊन या.